मूळव्याध फुटली की भगंदर झाले?

मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीवर गुदद्वाराच्या कोणत्याही दुखण्याला एकच नाव आहे, ते म्हणजे मूळव्याध. शौचाला रक्त पडले तर मूळव्याध, हाताला गाठ लागली तरी मूळव्याध, बसताना ठणका लागला तरी मूळव्याधच. पू आला तर 'मूळव्याध फुटली' असे म्हणून माणूस उलट सुटकेचा श्वास सोडतो. उपायही ठरलेले असतात. तिखट आणि कोंबडी बंद, ताक सुरू, आणि घरात सुरण असेल तर सुरणाची भाजी. सुरणाला संस्कृतात 'अर्शोघ्न' म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा असे नावच आहे, तेव्हा या समजुतीला जुना आधार आहे. अडचण सुरणाची नाही, नावाची आहे. या एका नावाखाली निदान चार वेगवेगळे आजार वावरत असतात आणि त्यांपैकी एकात पथ्य करीत वाट पाहत बसणे फार महागात पडते. तो आजार म्हणजे गुदद्वाराजवळचे गळू आणि त्यातून पुढे होणारे भगंदर.

हा विषय शिक्षकांच्या खोलीत सहसा निघत नाही. दहावीच्या मुलाला पचनसंस्थेची आकृती काढता येते, पण त्या आकृतीतला शेवटचा बाण जिथे संपतो त्या जागेविषयी पुस्तकात एखादेच वाक्य असते. म्हणून सुरुवात तेथूनच करू.

मोठ्या आतड्याच्या अखेरीस असलेली गुदनलिका जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीची असते. तिच्याभोवती दोन गोल स्नायू एकात एक बसवलेल्या कड्यांसारखे असतात. आतले कडे आपोआप आवळलेले राहते, त्यावर आपली सत्ता नाही. बाहेरचे कडे आपण इच्छेने आवळू शकतो. नलिकेच्या साधारण मध्यावर, बाहेरून सुमारे दोन सेंटिमीटर आत, दातेरी कडेसारखी एक रेषा असते. ही रेषा म्हणजे शरीरातली एक सरहद्दच आहे. तिच्या वर आतड्याचे अस्तर असते आणि त्याला टोचले वा कापले तरी वेदना कळत नाही. तिच्या खाली त्वचेसारखे अस्तर असते आणि तेथे बोटाच्या टोकाइतकी तीक्ष्ण संवेदना असते.

मूळव्याध कशी होते हे या सरहद्दीवरून समजते. रेषेच्या वरच्या बाजूला अस्तराखाली रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या प्रत्येक निरोगी माणसात असतात आणि दार घट्ट मिटायला मदत करतात. वर्षानुवर्षे कुंथण्याने त्या फुगून खाली सरकल्या की त्यांना आपण मूळव्याधीचे कोंब म्हणतो. कठीण मळ घासला की त्यांतून लाल, ताजे रक्त येते. शौचाच्या वेळी थेंब पडतात, कधी धार लागते, पण दुखत नाही, कारण ती जागा सरहद्दीच्या वर आहे. आता महत्त्वाची गोष्ट अशी, की हा रक्तवाहिन्यांचा फुगवटा आहे. यात जंतुसंसर्ग हे मूळ कारण नसते, म्हणून साध्या मूळव्याधीत पू होत नाही आणि तापही येत नाही.

पू येतो तो दुसऱ्या जागेतून. त्याच दातेरी रेषेवर सहा ते दहा बारीक ग्रंथींची तोंडे उघडतात. या ग्रंथी आतल्या कड्यातून आरपार जाऊन दोन कड्यांच्या मधल्या फटीत शिरलेल्या असतात. त्यांपैकी एखादीचे तोंड बुजले, की आत अडकलेल्या मळातील जंतूंना बंद खोलीच मिळते. तेथे पू धरतो. पू वाढतो तसा कमी विरोधाची वाट शोधत सरकतो. बहुधा तो दोन कड्यांच्या फटीतून खाली उतरून गुदद्वाराच्या कडेला त्वचेखाली गोळा होतो, काही वेळा बाहेरचे कडे भेदून कुल्ल्याच्या चरबीत शिरतो. हेच गळू. यात अस्वच्छतेचा, 'उष्णतेचा' किंवा बांगड्याच्या तिखल्याचा काही दोष नाही. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही ते होते. ऐन उमेदीतल्या, वीस ते पन्नास वयाच्या लोकांत हे अधिक आढळते आणि पुरुषांत बायकांपेक्षा जास्त.

अशा रुग्णांच्या हकिगती एकमेकींशी इतक्या जुळतात की त्यांतून एक हकिगत सहज रचता येते. समजा, मालवण बंदरातला छत्तीस वर्षांचा एक खलाशी आहे. ऑक्टोबरातल्या एका सोमवारी ट्रॉलरच्या काठावर बसताना त्याला डावीकडे मागे काहीतरी सलते. मंगळवारी ते सलणे ठणक्यात बदलते. बुधवारी रात्री तो कुशीवरून कुशीवर होत जागा राहतो. खोकला आला तरी कळ उठते. शौचाला गेल्यामुळे दुखणे फारसे वाढत नाही आणि कमीही होत नाही, ते आपले चोवीस तास नाडीसारखे ठोके देत असते. गुरुवारी अंगात कणकण भरते, थर्मामीटर १०१ दाखवतो. तांडेल म्हणतो, "अरे, मूळव्याध आसतली. माका पण होती." बाजारातल्या औषधांच्या दुकानातून एक मलम आणि चार दिवसांच्या गोळ्या येतात. शनिवारी पहाटे त्या जागी काहीतरी फुटते, घाण वासाचा पू आणि थोडे रक्त येते, आणि तासाभरात ठणका नाहीसा होतो. तो गाढ झोपतो. सोमवारी पुन्हा होडीवर.

यात निदानाचे सगळे धागे आहेत, फक्त ते कोणी उचलले नाहीत. गुदद्वाराच्या दुखण्यात 'कसे दुखते' यापेक्षा 'केव्हा दुखते' हा प्रश्न अधिक कामाचा आहे. मूळव्याध दुखत नाही, रक्त मात्र दाखवते. शौचाच्या वेळी काच कापत जावी तशी कळ आणि नंतर तास-दोन तास आग, मग पुढल्या वेळेपर्यंत आराम, असे वेळापत्रक असेल तर ती बहुधा चीर असते, म्हणजे त्वचेला पडलेली भेग. एका रात्रीत उठलेली, निळसर, वाटाण्याएवढी दुखरी गाठ, जी पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त दुखून नंतर हळूहळू निवते आणि जिच्यात ताप नसतो, ती बाहेरच्या शिरेत साकळलेल्या रक्ताची गाठ असते. यालाही लोक मूळव्याधच म्हणतात आणि येथे ते फारसे चुकत नाहीत. पण शौचाशी संबंध नसलेला, दिवसागणिक चढत जाणारा, बसू न देणारा ठणका आणि जोडीला ताप, हे गळवाचे वेळापत्रक आहे. बाहेर लाल, गरम, कडक सूज दिसली तर शंकाच उरत नाही. सूज मात्र नेहमी दिसेलच असे नाही. पू खोलवर, दोन कड्यांच्या मध्ये किंवा त्याहून वर असेल तर बाहेरची कातडी स्वच्छ असते आणि रुग्णाला फक्त आत खोल दुखणे, ताप आणि कधी लघवीला अडथळा एवढेच जाणवते. 'वरून काही दिसत नाही' म्हणून अशा माणसाला परत पाठवणे ही मोठी चूक ठरते.

येथे गोळ्यांविषयी थोडे सांगायला हवे. प्रतिजैविक औषध रक्तातून जाते. पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे औषध तिच्या भिंतीपर्यंत पोचते आणि तेथेच थांबते. ताप थोडा उतरतो, सूज जरा बसते, माणसाला बरे वाटते आणि आतला पू तसाच राहून आणखी वाटा शोधतो. साचलेल्या पुवाला बाहेरची वाट करून देणे हाच गळवाचा उपचार आहे आणि तो भूल देऊन चीर घेऊन करायचा असतो. 'नीट पिकू द्या, मग कापू' हा सल्ला करटाला चालून जात असेल, येथे तो चालत नाही. पिकण्याची वाट पाहणे म्हणजे पुवाला स्नायूंमधून फिरायला मुभा देणे. मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत तर तासांचा हिशेब असतो. त्याच्यात हा संसर्ग कातडीखालून वेगाने पसरून जननेंद्रियांकडे आणि पोटाकडे जाऊ शकतो. पॅरिसच्या झां आल्फ्रे फूर्निये या त्वचारोगतज्ज्ञाने १८८३ साली वर्णिलेला हा कोथ आजही माणसे दगावतो. सूज भराभर पसरते, कातडी काळपट पडते, दुर्गंधी येते, बोटाने दाबले तर वाळलेल्या पानासारखे चुरचुरते. हे दिसले तर सकाळच्या एस.टी.ची वाट पाहू नये, रात्रीच रुग्णालय गाठावे.

आपला खलाशी तितका दुर्दैवी नव्हता. त्याचे गळू आपोआप फुटले. पण फुटलेले गळू आणि बरे झालेले गळू यांत फरक आहे. अशा रुग्णांपैकी सुमारे तिघांतल्या एकाला, काही पाहण्यांत जवळजवळ निम्म्यांना, पुढे भगंदर होते. त्याला नोव्हेंबरात बनियन-चड्डीवर पिवळसर, कधी लालसर डाग दिसू लागले. गुदद्वारापासून दोन बोटे अंतरावर एक बारीक पुटकुळी होती. ती आठ-दहा दिवस ओली राहायची, मग सुकून खपली धरायची. वाटायचे, संपले एकदाचे. दीड महिन्याने तीच जागा पुन्हा सुजायची, दोन दिवस ठणका, कणकण, मग फुटून पाणी आणि पू, की पुन्हा आराम. डागात रक्त दिसल्यामुळे 'रक्ती मूळव्याध' हे निदान घरच्या घरी पक्के झाले. बारकाईने पाहिले असते तर कळले असते की हे रक्त शौचाच्या वेळी पडत नाही, ते दिवसभर कपड्याला लागते, चिकट असते, त्याला वास असतो, आणि ते नेहमी एकाच ठिकाणाहून येते.

ही पुटकुळी पुन्हा पुन्हा का भरते हे समजायला भातशेती केलेल्याला फार वेळ लागू नये. पावसात एखाद्या कोपऱ्यातले पाणी उतरू लागते. मेरेच्या बाहेरच्या अंगाला कुर्ल्याचे बीळ दिसते. पोरगा त्यात चिखलाचा गोळा कोंबतो. पाणी थांबते, आणि उद्या हातभर अंतरावर मेर फुटते. जाणता शेतकरी मेरेच्या आतल्या अंगाला, पाण्याखाली हात घालून बिळाचे आतले तोंड शोधतो. भगंदर हे असेच दोन तोंडांचे बीळ आहे. आतले तोंड दातेरी रेषेवर, त्या मूळ ग्रंथीपाशी असते आणि बाहेरचे कातडीवर. आतल्या तोंडातून मळाचे जंतू रोज आत जातात. बाहेरचे तोंड सुकले की पू कोंडतो, ताप येतो, आणि जुने तोंड नाही उघडले तर दुसरे पडते. म्हणूनच कातडीवर लावलेले कोणतेही मलम भगंदर बंद करू शकत नाही. मलम हा चिखलाचा गोळा आहे.

गळू आणि भगंदर हा एकच आजार दोन अवस्थांत दिसतो, हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. सुश्रुतसंहितेत पिकण्यापूर्वीच्या अवस्थेला पिडका आणि पिकून फुटल्यावरच्या अवस्थेला भगंदर म्हटले आहे. अनेक छिद्रे असलेल्या प्रकाराला तेथे 'शतपोनक' म्हणजे चाळणीसारखा असे नाव आहे. अर्श आणि भगंदर हे दोन स्वतंत्र आजार म्हणून आठ महागदांत, म्हणजे बऱ्या व्हायला अवघड अशा आठ रोगांत, वेगवेगळे मोजलेले आहेत. ग्रंथांनी वेगळे ठेवलेले हे दोन आजार बोलीने एकत्र केले, असे म्हणायला हरकत नाही.

एप्रिलमध्ये खलाशाला पुन्हा ताप आला, तेव्हा तो 'बिनऑपरेशन मूळव्याधीवर इलाज' असा फलक लावलेल्या एका माणसाकडे गेला. त्याने न तपासता सुजेत एक इंजेक्शन दिले. कोंब आक्रसवण्यासाठी मूळव्याधीच्या मुळाशी विशिष्ट औषध टोचण्याची पद्धत खरीच आहे आणि योग्य जागी ती उपयोगीही पडते. पण पुवाच्या जागी तेच औषध टोचणे म्हणजे जळत्या गवतात काठी फिरवणे. आठवड्याने पहिल्या तोंडाशेजारी दुसरे तोंड पडले. शेवटी जूनमध्ये मासेमारीची पावसाळी बंदी सुरू झाली, हाताला काम उरले नाही, तेव्हा बायकोच्या आग्रहाने तो ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात गेला. (दक्षिणेकडची वेंगुर्ले-सावंतवाडीची माणसे अशा वेळी बऱ्याचदा गोव्याला बांबोळीची वाट धरतात.) लाजेने त्याचे आठ महिने गेले होते. तपासणीला पाच मिनिटे लागली.

या तपासणीत डॉक्टर काय पाहतात? आधी बाहेरचे तोंड आणि त्याभोवतीचा भाग. कातडीखाली बोट फिरवले तर गुदद्वाराच्या दिशेने जाणारी दोरीसारखी कडक रेघ लागते. मग मोजे घालून एक बोट आत. आतले तोंड तेथे एखाद्या बारीक दाण्यासारखे जाणवते. त्याची जागा कोठे असावी याचा अंदाज लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले शल्यविशारद डेव्हिड गुडसॉल यांनी १९०० साली दिलेल्या ठोकताळ्यावरून बांधता येतो. गुदद्वारातून आडवी रेघ ओढली अशी कल्पना करा. बाहेरचे तोंड रेघेच्या पुढे असेल तर बीळ बहुधा सरळ आत जाते. मागे असेल तर ते वळण घेऊन मागच्या मध्यरेषेवर उघडते. खलाशाचे तोंड डावीकडे मागे होते, म्हणजे आतले तोंड मागे मध्यावर शोधायचे. हा ठोकताळा आहे, भूमितीचा सिद्धांत नव्हे, आणि तो चुकतोही. बीळ खोल, फाटे फुटलेले किंवा एकदा शस्त्रक्रिया होऊनही परत आलेले असेल तर एमआरआय काढून त्याचा नकाशा आधी मिळवतात. येथे त्याची गरज पडली नाही. रक्तातली साखर तेवढी पाहिली, ती ठीक होती.

खरा प्रश्न पुढेच आहे. बीळ उघडे करून तळापासून भरू द्यायचे, हा सर्वांत जुना आणि खात्रीचा उपाय. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या भगंदरावर १६८६ च्या नोव्हेंबरात फेलिक्स नावाच्या शल्यविशारदाने हेच केले होते, तेही भूल नसताना. पण बीळ त्या दोन कड्यांमधून गेलेले असते. ते उघडायचे म्हणजे कड्याचा तेवढा भाग कापणे आले. थोडा भाग कापला तर काही बिघडत नाही. जास्त कापला तर भगंदर जाते आणि मळावरचा ताबाही जातो, आणि हे दुसरे दुःख पहिल्यापेक्षा वाईट. म्हणून बीळ किती स्नायू ओलांडते हे पाहून पद्धत ठरवतात. उथळ असेल तर उघडतात. खोल असेल तर त्यातून एक दोरा ओवून सैल गाठ मारून ठेवतात. पू वाहत राहतो, कोंडत नाही, आणि मग सवडीने स्नायू वाचवणाऱ्या पद्धती वापरतात.

दोऱ्याचीच आपल्याकडची पद्धत म्हणजे क्षारसूत्र. दोऱ्यावर निवडुंगासारख्या दिसणाऱ्या स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकवीस थर चढवून सुकवतात. हा तोच आघाडा, जो गणपतीच्या पत्रीत असतो. दोरा आठवड्याने बदलतात. तो बीळ हळूहळू कापत जातो आणि मागची जखम भरत येते, त्यामुळे स्नायूची टोके एकदम दूर जात नाहीत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत केलेली तुलना १९९१ साली प्रसिद्ध झाली. क्षारसूत्राने बरे व्हायला सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. पण आजार उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के होते. हे काम प्रशिक्षित हातांचे आहे. वडाच्या पारावर बसून दोरा बांधणाऱ्याला हे आकडे लागू नाहीत.

खलाशाला पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल दिली. बाहेरच्या तोंडातून हायड्रोजन पेरॉक्साइड सोडले, तसे मागे मध्यावर फेसाचे बुडबुडे दिसले. आतले तोंड सापडले. बीळ उथळ होते, स्नायूचा अगदी थोडा भाग त्यावर होता, तेव्हा सळई घालून ते वरून उघडले, आतला लिबलिबीत थर खरवडला आणि दुसरा फाटाही मोकळा केला. खरवडलेला तुकडा फेकून दिला नाही, पॅथॉलॉजीकडे पाठवला. आपल्या देशात असे बीळ कधी क्षयरोगाचे असते, कधी आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचे, आणि तसे असेल तर कितीही कापले तरी औषधाशिवाय ते बुजत नाही.

जखम मुद्दाम उघडी ठेवली होती. वरून शिवली असती तर आत पोकळी राहून पुन्हा गळू झाले असते. पहिले दोन आठवडे तो दिवसातून तीनदा, आणि प्रत्येक शौचानंतर, कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसला. रात्री इसबगोल घेतले, म्हणजे मळ मऊ राहील. जखमेतून पाणी येत होते, पण ते रोज कमी होत गेले आणि ताप एकदाही आला नाही. तुकड्याच्या अहवालात क्षयाची खूण नव्हती. नारळी पौर्णिमेला तो बंदरावर गेला तो नारळ सोडायला, होडीवर चढायला नाही. जखम सातव्या आठवड्यात भरली. डॉक्टरांनी त्याला वर्षभर एवढेच लक्ष ठेवायला सांगितले, की त्याच जागी पुन्हा ओल किंवा ठणका आला तर मलम न आणता थेट यावे.